रंगछटेत न बसलेली पेंटची बॅच परत करताना पुरवठादाराला काय लिहावे

प्रश्न: आमचे भोसरीत इलेक्ट्रिकल कॅबिनेटचे पेंट शॉप आहे. फिकट राखाडी पीयू पेंटची 15 ड्रमची नवी बॅच आली. स्पेक्ट्रोवर ΔE 1.13 येतोय, करारात 0.80 आहे. सप्लायरच्या सर्टिफिकेटवर मात्र 0.46 लिहिलंय. बॅच परत करायची आहे, पण संबंध जुने आहेत. पत्र कसे लिहावे आणि त्यात काय काय टाकावे?

उत्तर: शेडवरून माल नाकारला की पुरवठादाराचे पहिले उत्तर बहुधा ठरलेले असते: "आमच्याकडे बॅच पास आहे, तुमच्याकडे बेकिंग किंवा फवारणीत काहीतरी झाले असावे." ही नेहमी पळवाट असते असे नाही, कारण अनेकदा ते खरेच असते. म्हणून पत्राची भाषा कडक असावी की सौम्य हा प्रश्न दुय्यम आहे. या उत्तराला लागणारा पुरावा पत्रासोबतच जाणे महत्त्वाचे आहे, आणि तो पत्र लिहिण्यापूर्वी आपल्याच शॉपमध्ये तयार करावा लागतो.

माझ्या मते तो पुरावा एकाच चाचणीतून मिळतो. मागच्या मंजूर झालेल्या बॅचचा राखून ठेवलेला डबा काढावा, तो नीट ढवळावा आणि नव्या बॅचसोबत त्याच दिवशी, त्याच गनने, त्याच हार्डनर आणि थिनरने, त्याच प्रायमर मारलेल्या पॅनेलवर फवारून दोन्ही पॅनेल ओव्हनमध्ये शेजारी शेजारी ठेवावीत. जुनी बॅच टॉलरन्समध्ये आली आणि नवी बाहेर गेली, तर ओव्हन, गन, हार्डनर, प्रायमर आणि यंत्र हे सगळे एकाच वेळी संशयातून सुटतात. दोन्ही बॅच एकाच दिशेने सरकलेल्या दिसल्या, तर मात्र पत्र थांबवावे, कारण दोष आपल्या बाजूला असण्याची शक्यता मोठी आहे. पीयूमध्ये हार्डनरकडे विशेष लक्ष द्यावे लागते. बेसची बॅच बदलताना हार्डनरचीही बॅच बदलली असेल, तर छटेतला फरक कोणामुळे आला हे सांगता येत नाही, म्हणून या चाचणीत दोन्ही बेसना एकच हार्डनर वापरला पाहिजे.

आता आपल्या आकड्याकडे पाहू. नुसता ΔE 1.13 हा आकडा बॅच नाकारायला पुरेसा असला, तरी पुरवठादाराला तो फारसे काही सांगत नाही. ΔE ही केवळ लांबी आहे. छटा कोणत्या बाजूला गेली हे ΔL, Δa आणि Δb यांच्या चिन्हांवरून कळते. आपण फक्त एकूण फरक कळवला आहे, म्हणून घटकांचे आकडे मी उदाहरणादाखल घेतो आणि आपल्या यंत्रावरचे आकडे आपण त्या जागी टाकावेत. समजा, तीन ड्रमची सरासरी ΔL −0.62, Δa +0.11 आणि Δb +0.94 अशी आहे.

```
ΔE*ab = √(ΔL² + Δa² + Δb²)
      = √(0.3844 + 0.0121 + 0.8836)
      = √1.2801 = 1.13
```

या तीन आकड्यांचा अर्थ असा की पेंट मानक पॅनेलपेक्षा थोडा गडद आहे, लाल-हिरव्या अक्षावर जवळजवळ जागेवर आहे आणि पिवळ्या बाजूला स्पष्टपणे सरकला आहे. फिकट राखाडीत पिवळेपणा डोळ्याला लवकर टोचतो. जुन्या कॅबिनेटला नव्या बॅचचे दार लावले, तर ते मळकट दिसेल आणि ग्राहकाच्या साइटवर ते सर्वांच्या आधी इलेक्ट्रिशियन दाखवून देईल. पुरवठादाराच्या शेडिंग करणाऱ्या माणसाला ही चिन्हे मिळाली की काय वाढले आणि काय कमी पडले याचा अंदाज तो फोन न करता बांधू शकतो. म्हणून पत्रात तिन्ही घटक चिन्हासह आणि ड्रमनिहाय द्यावेत.

पण पिवळ्या बाजूला सरकणे याच खुणेवर पुरवठादार बोट ठेवेल, कारण जास्त तापमानाने किंवा ओव्हनमध्ये जास्त वेळ राहिल्याने फिकट रंग पिवळे पडतात, म्हणजे Δb धनाकडे जाते. वर सांगितलेली जुन्या बॅचची चाचणी इथे कामाला येते. तिच्या पॅनेलवर, समजा, ΔL +0.08, Δa −0.03 आणि Δb +0.12 आले, म्हणजे ΔE 0.15, तर ओव्हनने पिवळेपणा आणला हा मुद्दा तिथेच संपतो. त्या दिवसाच्या बेकिंगचा तापमान आलेख उपलब्ध असेल तर तोही जोडावा. आलेखात हवेचे तापमान आहे की पॅनेलच्या धातूचे, हे मात्र लिहावे, कारण करारात "80 अंशांवर 30 मिनिटे" असे लिहिलेले असते तेव्हा बहुतेक वेळा धातूचे तापमान अभिप्रेत असते आणि जाड पत्र्याला तिथे पोहोचायला वेळ लागतो.

दुसरा आक्षेप थराच्या जाडीचा येईल. थर पातळ असेल तर खालचा प्रायमर डोकावतो आणि छटा बदलते. प्रत्येक पॅनेलवर रीडिंग घेतले त्याच जागी गेजने डीएफटी मोजून तो आकडा शेजारी लिहावा. रंग त्या जाडीला पूर्ण झाकतो का हे पाहायचे असेल, तर काळ्या-पांढऱ्या कार्डावर त्याच जाडीचा थर द्यावा आणि दोन्ही भागांची रीडिंग एकमेकांशी ताडावीत. काळ्यावरचे आणि पांढऱ्यावरचे रीडिंग जवळपास सारखे आले, तर प्रायमरचा प्रश्न उरत नाही.

नमुना घेण्याची पद्धत याहूनही नाजूक आहे. पांढरेपणा देणारा टायटॅनियम डायऑक्साइड जड असतो, त्याची घनता सुमारे 4.2 आहे, आणि कार्बन ब्लॅक त्याच्या निम्म्याहूनही हलका असतो. ड्रम काही आठवडे उभा राहिला असेल, तर तळाशी बसलेला पांढरा भाग न ढवळता वरून काढलेला नमुना गडद दाखवू शकतो. आपल्याही ΔL ला वरच्या उदाहरणासारखे ऋण चिन्ह असेल, तर ही शंका निघणारच. ड्रम यांत्रिक ढवळणीने ठरलेला वेळ ढवळून आणि तळाला गुठळ्या राहिल्या नाहीत हे पट्टी फिरवून पाहूनच नमुना घ्यावा. पत्रात तसे एक वाक्य असावे. नमुने किमान तीन वेगवेगळ्या ड्रममधून घ्यावेत. तिन्ही ड्रम एकाच दिशेने आणि जवळजवळ एकाच प्रमाणात सरकलेले असतील, तर बॅच एकजीव आहे पण तिची छटाच चुकली आहे असे म्हणता येते. तिन्हींचे आकडे विखुरलेले असतील, तर प्रश्न मिश्रणाचा किंवा भरणीचा आहे आणि मग पत्रातली मागणीही वेगळी होते.

पुरवठादाराच्या प्रमाणपत्रावर 0.46 कसा आला, हे त्याला खोटे न ठरवता समजून घेता येते. पुष्कळ ठिकाणी रंग कारखान्यात पेंट कार्डावर ॲप्लिकेटरने ओढून तपासला जातो, आपण तो गनने फवारतो. रंगद्रव्ये ओल्या थरात एकमेकांपासून सुटत असतील, तर या दोन पद्धतींत छटा वेगळी येते आणि दोघांचेही रीडिंग आपापल्या जागी बरोबर असते. हे ओळखण्याची सोपी चाचणी शॉपमध्येच होते. फवारलेला थर किंचित चिकट व्हायला लागला की हातमोजा घातलेल्या बोटाने रुपयाएवढी जागा हलक्या हाताने चोळायची आणि पॅनेल नेहमीप्रमाणे बेक करायचे. चोळलेली जागा आजूबाजूपेक्षा वेगळी दिसली किंवा मोजली गेली, तर रंगद्रव्यांचे विलगीकरण आहे. फरक दिसला नाही, तर कारण दुसरीकडे शोधावे. पुरवठादाराने कदाचित वेगळ्या मानक पॅनेलशी तुलना केली असेल, किंवा यंत्र चकाकी वगळून मोजण्याच्या SCE पद्धतीत ठेवले असेल आणि करारात चकाकी धरून मोजण्याची SCI पद्धत असेल. म्हणून पत्रात 0.46 ला आव्हान देऊ नये. तो आकडा कोणत्या परिस्थितीत घेतला, एवढेच विचारावे.

यंत्राबद्दल थोडक्यात. रीडिंगच्या दिवशी पांढऱ्या टाइलवर आणि झीरो ट्रॅपवर कॅलिब्रेशन केल्याची व ग्रीन टाइलचे रीडिंग मर्यादेत असल्याची नोंद हवी. पॅनेल ओव्हनमधून काढल्याबरोबर मोजू नये, कारण काही रंगद्रव्यांची छटा तापमानाबरोबर बदलते. राखाडीत हा परिणाम लाल-नारिंगीइतका नसतो, तरी आक्षेपाला जागा ठेवू नये. दोन चांगली यंत्रेही एकाच पॅनेलवर काही दशांशांचा फरक दाखवू शकतात. त्यामुळे आपला आकडा 0.86 असता तर मी नकाराचे पत्र लिहू नका, माल थांबवून संयुक्त मोजणी मागा असे सांगितले असते. 1.13 या आकड्याबाबत ती शंका राहत नाही, शिवाय खालच्या नमुन्यातली ±0.40 ही मर्यादा धरली, तर उदाहरणातली Δb एकटीच तिच्या दुपटीहून पुढे जाते.

एक गोष्ट आजच करावी. तपासणीसाठी उघडलेले ड्रम सोडून बाकीचे सीलबंद ठेवून वेगळ्या जागी लाल पट्टीच्या मागे लावावेत आणि या बॅचचा एक लिटरही उत्पादनात जाऊ देऊ नये. "आतल्या भागांना वापरून टाकू, बाहेरून कुठे दिसते" हा मोह शॉपमध्ये नक्की होतो. मालविक्री कायदा, 1930 च्या कलम 42 नुसार खरेदीदाराने माल मिळाल्यावर विक्रेत्याच्या मालकीशी विसंगत असे काही केले, किंवा नकार न कळवता वाजवी मुदत उलटून गेली, तर माल स्वीकारला असे धरले जाते. कलम 13 प्रमाणे, करार विभाज्य नसेल आणि मालाचा काही भाग स्वीकारला असेल, तर माल नाकारण्याचा हक्क सर्वसाधारणपणे उरत नाही, फक्त नुकसानभरपाई मागता येते. म्हणजे दोन ड्रम वापरले तर पंधराही गळ्यात पडू शकतात. कलम 43 आपल्या बाजूने आहे: नाकारलेला माल परत नेऊन पोहोचवणे, वेगळे काही ठरले नसेल तर, आपल्यावर बंधनकारक नसते, स्वीकारत नाही असे कळवणे पुरेसे असते. करारात नकार कळवण्याची मुदत दिलेली असेल तर अर्थातच ती पाळावी.

पत्राचा नमुना पुढीलप्रमाणे होईल. पुरवठादार मराठी असेल तर मराठीत लिहायला हरकत नाही. आकडे आणि यंत्रावरची चिन्हे मात्र जशीच्या तशी ठेवावीत.

> प्रति,
> गुणवत्ता विभाग प्रमुख,
> (पुरवठादाराचे नाव व पत्ता)
>
> विषय: फिकट राखाडी पीयू टॉपकोट, बॅच क्र. ____, 15 ड्रम (300 लिटर), इन्व्हॉइस क्र. ____: रंगछटेच्या कारणास्तव माल नाकारत असल्याबाबत.
>
> महोदय, स. न. वि. वि.
>
> उपरोक्त बॅच दि. ____ रोजी आमच्या भोसरी येथील कारखान्यात प्राप्त झाली. आवक तपासणीत तिची रंगछटा आपणा उभयतांमध्ये मान्य झालेल्या टॉलरन्सच्या बाहेर आढळल्याने आम्ही ही संपूर्ण बॅच स्वीकारत नाही, हे या पत्राद्वारे कळवीत आहोत.
>
> मान्य मर्यादा, D65/10°, d/8, SCI या परिस्थितीत व उभयतांच्या सहीच्या मानक पॅनेलच्या तुलनेत, ΔE*ab कमाल 0.80, ΔL ±0.50, Δa ±0.30 व Δb ±0.40 अशी आहे. यांत्रिक ढवळणीनंतर तीन ड्रममधून घेतलेल्या नमुन्यांची रीडिंग अशी आहेत. ड्रम 4: ΔL −0.60, Δa +0.10, Δb +0.92. ड्रम 9: ΔL −0.65, Δa +0.12, Δb +0.97. ड्रम 13: ΔL −0.61, Δa +0.11, Δb +0.93. तिन्हींच्या सरासरीवरून ΔE*ab 1.13 येतो. ΔL, Δb व ΔE*ab हे तिन्ही मर्यादेबाहेर असून तिन्ही ड्रममधील विचलन एकाच दिशेचे आहे.
>
> याच दिवशी, याच हार्डनर व थिनरसह, याच ओव्हनमध्ये आपल्या मागील मंजूर बॅचचे (क्र. ____) पॅनेल तयार केले असता त्याचे रीडिंग ΔL +0.08, Δa −0.03, Δb +0.12, ΔE*ab 0.15 असे आले. दोन्ही पॅनेलच्या थराची जाडी 40 ± 5 मायक्रॉन या मर्यादेत आहे. जाडीच्या नोंदी, बेकिंगचा आलेख व यंत्राच्या कॅलिब्रेशनची नोंद सोबत जोडली आहे.
>
> आपल्या प्रमाणपत्रात ΔE 0.46 नमूद आहे. हे रीडिंग कोणत्या मानक पॅनेलच्या तुलनेत, कोणत्या लेपन व सुकवण्याच्या पद्धतीने आणि SCI की SCE मध्ये घेतले, हे कृपया कळवावे. आपल्या पडताळणीसाठी दोन्ही बॅचच्या पॅनेलचे अर्धे भाग व ड्रम 9 मधील अर्धा लिटर ओला नमुना सोबत पाठवीत आहोत. उरलेले अर्धे भाग व नमुना आमच्याकडे सीलबंद आहेत.
>
> तपासणीसाठी उघडलेले तीन ड्रम वगळता सर्व ड्रम मूळ सीलसह वेगळे ठेवले असून बॅचचा कोणताही भाग उत्पादनात वापरलेला नाही. आपणास संयुक्त मोजणी करावयाची असल्यास दि. ____ पर्यंत केव्हाही यावे. माल परत नेण्याची व्यवस्था दि. ____ पर्यंत करून क्रेडिट नोट द्यावी, आणि बदली बॅच, तिच्या फवारलेल्या व बेक केलेल्या पॅनेलच्या पूर्वमंजुरीनंतर, दि. ____ पर्यंत पाठवावी, ही विनंती.
>
> कळावे,
> आपला विश्वासू,
> (नाव, पद, सही)

या पत्रात कारणाबद्दल एकही तर्क नाही, हे आपल्या लक्षात आले असेल. "आपण स्टेनर चुकीचा वापरला असावा" असे एक वाक्य गेले, की उत्तरात पुरवठादार त्या एका वाक्याचे खंडन करतो आणि रीडिंग बाजूला पडतात. चोळून पाहण्याच्या चाचणीत फरक दिसला असेल, तर तो निरीक्षण म्हणून लिहावा आणि निष्कर्ष त्यांच्यावर सोडावा. जुन्या संबंधांचा उल्लेखही मी मुद्दाम टाळला आहे. तो फोनवर करावा आणि पत्र पाठवण्याच्या आधी करावा, म्हणजे समोरच्याला पत्र अचानक येत नाही. पॅनेलचे दोन भाग करून अर्धे पाठवणे हीच या पत्रातली सर्वांत सौजन्याची गोष्ट आहे, कारण त्यामुळे पुरवठादाराला आपल्या शब्दावर विश्वास ठेवण्याची गरजच उरत नाही.

उत्तरात बहुधा दोन प्रस्ताव येतील. पहिला असा, की आमचा माणूस येऊन आपल्याच शॉपमध्ये टिंटिंग करून देईल. ते मान्य करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. पिवळेपणा काढायला निळा घातला की रंग आणखी गडद होतो, मग पांढरा वाढवावा लागतो, त्याने झाकण्याची क्षमता आणि चकाकी हलू शकते, आणि पंधरा ड्रममध्ये हे काम एकसारखे होणे हाताच्या ढवळणीने जवळजवळ अशक्य असते. दुरुस्ती करायची तर ती त्यांच्या कारखान्यात, सगळा माल एका टाकीत घेऊन, नव्या बॅच क्रमांकाने व्हावी आणि आपल्याकडे तिची आवक तपासणी पुन्हा पहिल्यापासून व्हावी.

दुसरा प्रस्ताव असा येईल, की दुसऱ्या सूत्राने, उदाहरणार्थ CIEDE2000 ने, फरक कमी दिसतो, म्हणून तो धरावा. हे सूत्र अधिक नवे आहे आणि अनेक छटांत डोळ्याशी अधिक जुळते, हे खरे आहे, पण 0.80 ही मर्यादा ΔE*ab साठी ठरलेली आहे आणि सूत्र बदलले की मर्यादाही नव्याने ठरवावी लागते. पुढच्या करारासाठी ती चर्चा जरूर करावी, या बॅचसाठी नाही.

संयुक्त मोजणीची वेळ आली, तर मोजणीपूर्वी दोघांकडची मानक पॅनेल एकमेकांशी मोजून पाहावीत. एकाच फवारणीतून कापलेली असली, तरी एक कपाटात पाकिटात आणि दुसरे ऑफिसच्या खिडकीशी राहिले असेल, तर काही वर्षांत त्यांच्यात फरक पडतो. दोन्ही पॅनेल जुळली, तर आपल्या रीडिंगवर चर्चा करण्यासारखे फारसे उरत नाही. ती जुळली नाहीत, तर 0.46 आणि 1.13 मधल्या अंतराचे बरेचसे उत्तर तिथेच सापडते. अशा वेळी कोणते पॅनेल मूळ छटेशी प्रामाणिक आहे हे मंजुरीच्या वेळी साठवलेल्या मूळ रीडिंगवरून ठरवावे, आणि तोवर बॅच आपल्याकडे स्वीकारलेली नाही तर रोखून ठेवलेली आहे, असे दोघांच्या सहीने लिहून घ्यावे.